ऑपरेशननंतर घरी राहून सगळं करणाऱ्या मावशीला जाताना काय द्यावं?

सायली_वारजे

नमस्कार मंडळी, बरेच दिवसांनी लिहितेय. मार्चअखेरीला माझं गर्भाशय काढायचं ऑपरेशन झालं, फायब्रॉइड खूप मोठा होता त्यामुळे दुर्बिणीने जमलं नाही, पोट उघडूनच करावं लागलं. डॉक्टरांनी सहा आठवडे काही जड उचलायचं नाही असं बजावलं होतं, पाण्याची भरलेली कळशीसुद्धा नाही. नवऱ्याला आठवड्याच्या वर रजा मिळत नव्हती, सासूबाईंना स्वतःलाच धरून चालवावं लागतं आणि माझी आई आता नाही. कराडहून धाकटी मावशी आली आणि महिन्याच्या वर राहिली.

तिने काय केलं ते लिहिल्याशिवाय माझा प्रश्न कळणार नाही. पहिल्या आठवड्यात उठताना सरळ उठायचं नाही, आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे मग हातावर जोर देऊन उठायचं हे तिने सिस्टरकडून शिकून घेतलं आणि मला रात्री बाथरूमला जायचं असलं की तीच उठवायची. खोकला आला की पोटाशी उशी दाबून धरायला द्यायची. बद्धकोष्ठाने माझे हाल झाले, टाक्यांच्या भीतीने मी जोरच करत नव्हते, तर औषध वेळेवर देणं आणि दुपारी घरातल्या घरात चालायला लावणं तिने एक दिवस चुकवलं नाही. आणि एक दिवस ड्रेसिंगच्या एका टोकाला पिवळसर ओल दिसली आणि बाजूची कातडी गरम लागली, मला काहीच दुखत नव्हतं, मी म्हणत होते घाम असेल. तिने त्याच दिवशी रिक्षा बोलावून दवाखान्यात नेलं. इन्फेक्शनची सुरुवात होती, अँटिबायोटिक बदललं आणि तेवढ्यावर भागलं.

आता ती पुढच्या रविवारी परत जाणार. ती ब्लाउज शिवते, घरातच मशीन आहे, आणि हा सगळा काळ लग्नसराईचा होता म्हणजे तिचा वर्षातला सगळ्यात कमाईचा. साडी तर मी घेणारच आहे पण नुसती साडी मला फार कमी वाटतेय. पाकीट दिलं तर ती दुखावेल असं नवरा म्हणतो. दुसरं म्हणजे मला तिची ओटी भरायची आहे, काका जाऊन सहा वर्षं झाली, तर शेजारच्या काकू म्हणाल्या असं करत नाहीत, तिलाच अवघडल्यासारखं होईल. तुम्ही अशा वेळी काय केलंत?

नंदू_मुलुंड

काळजी घ्या ताई. आमच्याकडे आईच्या वेळी ब्युरोची बाई ठेवली होती बारा तासांची, आता तुमच्या मावशी चालल्यात तर तसं बघा, पण ओळखपत्र आणि पोलीस व्हेरिफिकेशन आधी मागून घ्या.

सायली_वारजे

नंदूदादा, बाई नकोय आता, मी बरीच बरी आहे. मावशीला निरोप कसा द्यायचा ते विचारत होते.

अनघा_डोंबिवली

पाकीट अजिबात देऊ नकोस गं!! माझा अनुभव सांगते. माझ्या सिझेरियनला मोठी वहिनी राहिली होती, नवऱ्याने जाताना तिच्या पर्समध्ये दहा हजार घातले, चांगल्या मनानेच. तिला घरी गेल्यावर सापडले. तिने फोन करून एवढंच विचारलं की मला कामाला ठेवलं होतं का. दोन वर्षं नीट बोलली नाही. सोन्याचं काहीतरी दे, छोटं का असेना, सोन्याला कोणी पगार म्हणत नाही.

माईआजी_सातारा

सायली, मी आजवर बऱ्याच घरी अशी राहिले आहे, धाकट्या जावेच्या गुडघ्याच्या वेळी, भाच्याच्या अपघातात, लेकीच्या दोन्ही बाळंतपणांना. त्यामुळे राहणारीच्या बाजूने सांगते, रागावू नकोस.

जाताना काय मिळालं ते मला एकाही घरचं धड आठवत नाही, साड्या कपाटात आहेत त्या कुणाच्या हेही आता सांगता यायचं नाही. आठवतं ते वेगळंच. एका घरी मी गेले तेव्हा माझ्या बीपीच्या गोळ्या पंधरा दिवसांच्याच होत्या, संपल्यावर मी कुणाला बोलले नाही कारण घरात आधीच आजारपण, आणि जावयाने स्वतःहून रिकामी पट्टी बघून आणून दिल्या. आणि दुसऱ्या एका घरी शेवटपर्यंत माझी पिशवी कॉटखालीच राहिली, एक कप्पा कुणी रिकामा करून दिला नाही. तर रविवार येईपर्यंत तुझ्या हातात दिवस आहेत तेवढ्यात हे बघ. तिच्या गोळ्या कुठल्या, किती उरल्यात. डोळे तपासलेत का इतक्यात, शिवणकामाला डोळे लागतात आणि पुण्यात आहे तोवर चष्म्याचा नंबर बघून घ्या. रात्री तुला उठवून उठवून तिची झोप मोडलेली आहे, म्हणून हे शेवटचे दिवस तिला स्वयंपाकघरात शिरू देऊ नका, डबा लावा.

दुसरं, तिचं घर महिनाभर बंद आहे. अशा घरात परत गेल्यावर काय होतं ठाऊक आहे का? फ्रिज वास मारतो, पीठ-रव्यात अळ्या, दूधवाला बंद केलेला, पहिल्या संध्याकाळी घरात कपभर चहाची सोय नसते आणि अंगात प्रवासाचा शीण. तिथे कोणी शेजारी असेल, किल्ली असेल तर आदल्या दिवशी घर झाडून पुसून घ्या, दूध आणि भाजी आणून ठेवायला सांगा, आणि तू इथून आठवड्याचं दळण, भाजणी, एखादी उसळ मोड आणून असं बांधून दे. माझ्या मते कुठल्याही साडीपेक्षा ते जास्त उपयोगी पडेल.

पैशाचं मात्र मला अनघासारखं वाटत नाही. तिची कमाई बुडाली आहे, ती बुडाली हे तुला दिसलंय, मग दिसलंय हे तिला कळू दे. फक्त ते सेवेचे पैसे वाटता कामा नयेत. तोडगा तिच्या कामातच सापडेल, विचार कर.

विवेक_के

अनघाताई म्हणतायत तसं सोनं चांगलं आणि नात्यातल्या गिफ्टवर टॅक्स पण नसतो, कितीही द्या.

कर_सल्लागार_पुणे

विवेक, अर्धंच बरोबर आहे. नातेवाईक कोण याची यादी घेणाऱ्याच्या बाजूने बघतात. मावशीने भाचीला दिलं तर माफ, कारण भाचीच्या यादीत आईची बहीण येते. पण भाचीने मावशीला दिलं तर मावशीच्या यादीत बहिणीची मुलगी नाही. अशा वेळी वर्षभरात यादीबाहेरच्या लोकांकडून आलेलं सगळं मिळून ५० हजारांच्या वर गेलं तर ती पूर्ण रक्कम तिचं उत्पन्न धरली जाते, नुसता वरचा भाग नाही. दागिना दिला तरी बाजारभावाने तोच हिशोब, आणि आजच्या भावात साधं वळं घेतलं तरी तो आकडा सहज ओलांडला जातो. मात्र शिलाई मशीन, फ्रिज असल्या वस्तू त्यात येत नाहीत. आणि मावशींचं एकूण उत्पन्न करपात्र नसेल तर प्रत्यक्षात काही भरावंही लागणार नाही. सायली यांचा विचार पाच-पंचवीस हजारांचा असेल तर हे सगळं विसरून जा.

विवेक_के

अच्छा, हे उलटसुलट असतं हे खरंच माहीत नव्हतं. धन्यवाद.

शिरोळकर

ओटीचं वाचलं म्हणून लिहितोय. आमच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला, नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढून घेणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं पण परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना हाच कित्ता गिरवा म्हणून सांगितलं. आमच्या घरी आता हळदीकुंकवाला आत्याला पण बोलवतात, सुरवातीला ती दारातच उभी राहायची. शेजारच्या काकूंचं ऐकू नका. बिनधास्त भरा ओटी.

मृणाल_नागपूर

शिरोळकर, ठराव चांगलाच आहे, पण इथे प्रश्न मावशींच्या मनाचा आहे ना. माझ्या आईला आम्ही उत्साहाने सगळ्यांसमोर कुंकू लावायला गेलो, तिने हात धरला आणि नको म्हणाली, आणि मग सगळ्या बायकांसमोर तिला रडू आलं. आम्ही योग्य तेच करत होतो पण तिला विचारलं नव्हतं. सायली, आधी एकटीत विचार. बायकांचा गोतावळा जमवून तर मुळीच करू नकोस.

शिरोळकर

विचारलं तर बाई नकोच म्हणणार की ओ. तीस-चाळीस वर्षं दुसऱ्यांचं बघत आल्यावर हो कोण म्हणंल? आमची आत्या पण आधी नकोच म्हणाली होती.

मृणाल_नागपूर

एकदा नको म्हणणं आणि हात धरून नको म्हणणं यात फरक असतो दादा. घरच्यांना तो कळतो.

माईआजी_सातारा

मला विचाराल तर दोघांचंही खरं आहे. माझे हे गेल्यानंतर सुनेने मला विचारलं ते असं, आई मी तुमची ओटी भरणार आहे, कुंकू लावू की नुसतं नारळ-तांदूळ? म्हणजे भरायचं ठरलेलंच होतं, कसं ते माझ्या हातात होतं. मी कुंकू नको म्हणाले, हळद लाव म्हणाले. पुढच्या वर्षी कुंकू पण लावून घेतलं.

शिंपीदादा_चिंचवड

नमस्कार, माझा लेडीज टेलरिंगचा व्यवसाय आहे, बावीस वर्षं झाली. माईंनी कामातच तोडगा शोधा म्हटलंय म्हणून दोन गोष्टी सुचवतो.

पहिलं समजून घ्या की लग्नसराईत एक महिना मशीन बंद म्हणजे काय. गावात साधा ब्लाउज दोनशे आणि अस्तराचा चारशे धरला, दिवसाला दोन-तीन निघाले तरी पंधरा-वीस हजार सहज होतात. पण त्यापेक्षा मोठं नुकसान गिऱ्हाईक तुटण्याचं. ब्लाउजची बाई दुसरीकडे गेली आणि तिथे फिटिंग जमलं तर ती परत येत नाही. मावशींनी येताना हातातली कामं कुणाला दिली, कुणाचे मापाचे ब्लाउज घरात अडकलेत का, हे विचारा. त्यांना या काळजीने झोप येत नसेल आणि तुम्हाला बोलल्या नसतील.

दुसरं, रविवार पेठेत होलसेलला अस्तर, फॉल, हुक, दोरे, कॅनव्हास सगळं मिळतं. गावातल्या भावापेक्षा बरंच स्वस्त पडतं. त्यांना सोबत घेऊन जा, त्यांच्या गावात कुठले रंग जास्त चालतात ते त्यांनाच ठाऊक, लाल, मरून, हिरवा, राणी, मोरपंखी हे तर लागतातच. दुकानात बिल तुम्ही द्या. त्या मालाचे पैसे त्यांना गिऱ्हाइकाकडून मिळतील, म्हणजे तुमचे पैसे त्यांच्याकडे पोचले आणि पाकीट कुणी दिलं नाही. घरूनच टू बाय टू अस्तर ठरवून घेऊन जाऊ नका, आमच्याकडे जो माल चालतो तो तिथे चालेलच असं नाही.

मशीन पायाची आहे का?

सायली_वारजे

हो, पायाचीच, आजोबांनी तिच्या लग्नात दिलेली. गुडघे दुखतात तिचे पण मशीन बदलायचं नाव काढू देत नाही.

शिंपीदादा_चिंचवड

बदलू नका मग. त्याच मशीनला मोटर बसते, बाजूच्या चाकाजवळ स्क्रूने, पट्टा बदलायचा आणि पायाखाली छोटं पेडल. दोन हजारांच्या आसपास काम होतं. पण सरप्राइज म्हणून परस्पर बसवू नका. पायाच्या मशीनवर वेग आपल्या पायात असतो, मोटरचं पेडल जरा जोरात दाबलं गेलं की मशीन सुसाट सुटते, गळ्याच्या गोलाईत किंवा काखेच्या जोडाला शिलाई बाहेर जाते. माझ्या आईला मोटर जमली नाही, तिने आठ दिवसांत काढायला लावली. माझ्या बायकोला तिच्याशिवाय चालत नाही. मावशींना आधी कुणाच्या तरी मशीनवर चिंधीवर चालवून बघू दे. इकडे चिंचवडला आणलंत तर माझ्या दुकानात बसवतो त्यांना, चहा पिऊन जा.

अनघा_डोंबिवली

हे फारच छान सुचवलंत दादा. सोन्याचं मी मागे घेते 🙂 पण माई, पाकिटाचं माझं मत तेच आहे हं. वहिनीचा तो आवाज मी विसरू शकत नाही.

माईआजी_सातारा

अगं तुझ्या वहिनीला पैशाचा राग आलाच नव्हता असं मला वाटतं. न सांगता पर्समध्ये घातले त्याचा आला. तोंडाने काही बोललं होतं का कुणी आधी?

अनघा_डोंबिवली

...नाही. नवरा स्टेशनवर सोडायला गेला होता आणि मी बाळाला पाजत होते. आज रात्री फोन करते तिला.

प्रशांत_स्वारगेट

एसटीचं बघा, महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे सगळ्या गाड्यांत, आणि मावशी पंचाहत्तरच्या असतील तर मोफतच. स्वारगेटहून कराडला भरपूर गाड्या आहेत.

सायली_वारजे

त्रेसष्ट आहे ती. एसटीनेच जाते म्हणून हट्ट धरून बसली आहे पण एवढं सामान घेऊन नाही पाठवणार, नवरा गाडीने सोडायला जाईल.

सायली_वारजे

(पुढच्या बुधवारी)

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, काय काय झालं ते सांगते कारण तुमच्यापैकी प्रत्येकाचं काहीतरी वापरलंय.

गोळ्या बघितल्या तर थायरॉइडच्या चारच उरल्या होत्या आणि ती एक दिवसाआड घेत होती, पुरवायच्या म्हणून. माई, तुम्ही लिहिलं नसतं तर मला कळलंच नसतं. डॉक्टरांना फोन करून परत रोजची चालू केली, चष्म्याचा नंबरही बदललेला निघाला, नवा करून दिला. त्याला तिने काहीही विरोध केला नाही, उलट दुकानात आरशासमोर फ्रेम निवडताना इतकी खूश होती.

शिंपीदादा म्हणाले तसं विचारलं तर खरंच तीन बायकांचे ब्लाउज कापून ठेवलेले होते, एकीचं लग्न तर होऊनही गेलं. ती त्या मुलीच्या आईला रोज फोन करायची म्हणे, मी दुपारी झोपले की. त्या मुलीला मावशीने आता शालू-ब्लाउजचं काम शिलाई न घेता करून द्यायचं ठरवलंय. ते मी बदलू शकले नाही.

रविवार पेठेत मला चालवत नव्हतं म्हणून नवरा आणि ती गेले, दोन मोठ्या पिशव्या अस्तर आणि फॉल आणले. तिथे दुकानदाराशी भाव करताना ती इतकी रमली की नवऱ्याने बिल कधी दिलं ते तिच्या लक्षातही नाही आलं, घरी आल्यावर विचारलं, त्याने सांगितलं, मावशी हा माझा आहेर समजा. ती गप्प बसली आणि मग म्हणाली मरून जरा कमी घेतलं. मोटर तिने चिंचवडला चालवून बघितली, नको म्हणाली. दादा तुमचे आभार, चहाचे सुद्धा.

ओटी निघायच्या आदल्या संध्याकाळी भरली, घरात आम्ही चौघंच होतो. माईंच्या सुनेसारखंच विचारलं, मावशी कुंकू लावू की नुसती हळद. ती म्हणाली तुझ्या आईने लावलं असतं ना, मग लाव. खण, नारळ, तांदूळ आणि साडी. मृणाल, कोणाला बोलावलं नव्हतं. मग मी तिला नमस्कार करून सांगितलं की मावशी ती ओल तू बघितलीस म्हणून मला परत ऍडमिट व्हावं लागलं नाही. तिचा मुलगा व्हिडिओ कॉलवर होता त्यालाही सांगितलं, त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं, आईने त्याला फक्त सायलीकडे जरा राहतेय एवढंच सांगितलं होतं.

किल्ली शेजारी होतीच, घर झाडून दूध आणून ठेवलं होतं त्यांनी. पोचल्यावर फोन आला की फ्रिज कुणी पुसला.

पैशाचं मात्र अजून सुटलं नाही. लग्नसराईची कमाई बुडाली ती अस्तराच्या दोन पिशव्यांनी भरून निघत नाही हे मला माहीत आहे. दिवाळीच्या आधी तिच्याकडे जाणार आहे, तेव्हा बघू काय करता येतं. कोणाला काही सुचलं तर सांगा.

कर_सल्लागार_पुणे

त्यांच्या दुकानाचं लाइट बिल वेगळं आहे का घरातच? वर्षभराचं आगाऊ भरता येतं ऑनलाइन, ग्राहक क्रमांक लागेल फक्त.

माईआजी_सातारा

थायरॉइडचं दर महिन्याला विचारत जा गं. आणि सहा आठवडे झाले म्हणून लगेच कळशी उचलू नकोस, एकदा डॉक्टरांना दाखवून ये मगच.

शिंपीदादा_चिंचवड

मरून अजून हवं असेल तर सांगा, माझा माणूस शुक्रवारी पेठेत जातो, कराडच्या ट्रान्सपोर्टला टाकतो.